वाईच्या घाटाचा फोटो, पाच ठोकळे आणि वाहतं पाणी

प्रश्न: वाईच्या ढोल्या गणपतीचा, पावसाळ्यात कृष्णेच्या पलीकडच्या काठावरून काढलेला फोटो आहे. त्यावरून उकियो-ए या जुन्या जपानी पद्धतीचं चित्र लाकडी ठोकळ्यांवरून छापायचं आहे: सपाट रंगपट्टे, ठळक बाह्यरेषा, लाटांची नक्षी. संगणकावर फोटो पोस्टराइझ करून पाहिला तर पाण्याच्या जागी नुसते डाग दिसतात. ठोकळे किती लागतील, पाणी कसं काढायचं आणि रंग सरकू नयेत म्हणून काय करायचं? लिनोकट केले आहेत, पण पाण्यातल्या रंगांनी कधी छापलेलं नाही.

उत्तर:

डाग दिसतात याचं कारण असं की पोस्टराइझ करताना संगणक उजेड कुठे संपतो ती सीमा शोधतो. उकियो-ए चित्रात सीमा वस्तूची असते. घाटाची पायरी कुठे संपली, पाणी कुठे सुरू झालं, डोंगर आभाळाला कुठे भिडला, एवढंच त्या रेषा सांगतात. पायरीवर पडलेली सावली, पाण्यातलं मंदिराचं प्रतिबिंब, ओल्या दगडावरची चमक हे सगळं त्यात बहुतेक वेळा सोडून दिलेलं असतं. म्हणून पोस्टराइझ केलेली प्रत बाजूला ठेवा आणि मूळ फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून हातानेच सुरुवात करा.

आकार आधी ठरवा. पहिल्या कामाला चित्र २६ × १८ सेंमी पुरे. जपानी छापील चित्रांच्या ‘चूबान’ मापाच्या जवळपास हे माप जातं. कागद ३१ × २३ सेंमी घ्या, म्हणजे चारही बाजूंना अडीच सेंमी समास सुटतो. हा समास शोभेचा नाही, कागद जुळवायच्या खाचा त्यातच येणार आहेत. फोटो याच मापात छापून घ्या. ट्रेसिंग नंतर लहानमोठं केलं की रेषांची जाडी बिघडते.

पहिल्या ट्रेसिंगवर फक्त जमिनीवरच्या गोष्टींच्या कडा घ्या: शिखर, भिंत, पायऱ्या, काठ, डोंगराची धार. मग त्यावर दुसरा कागद ठेवून निम्म्या रेषा गाळा. पायऱ्या फोटोत वीस दिसत असल्या तरी चित्रात सात-आठ पुरतात. शिखरावरचं सगळं काम उतरवायला जाऊ नका, त्याचा आकार ओळखू आला की झालं. दोन रेषांमधलं अंतर कुठेही २ मिमीपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर छापताना मधली जागा रंगाने भरते.

ठळक बाह्यरेषेबद्दल एक मोठा गैरसमज आहे. सगळ्या रेषा सारख्या जाड काढल्या की चित्र मुलांच्या रंगवायच्या वहीसारखं होतं. जवळच्या काठाची रेषा दीड ते दोन मिमी, मंदिराची एक मिमी, पायऱ्यांची त्याहून थोडी कमी ठेवा, आणि मागच्या डोंगराला रेषाच देऊ नका. तिथे रंगाची कड हीच रेषा. रेषेचा रंगही काळाच हवा असं नाही. जपानी चित्रकार होकुसाईच्या सन १८३१ च्या सुमाराच्या प्रसिद्ध मोठ्या लाटेच्या चित्रात मुख्य रेषा गडद निळ्या आहेत, आणि म्हणूनच तिथे पाणी आणि रेषा एकमेकांपासून तुटत नाहीत. तुमच्या चित्रातही प्रशियन निळ्यात थोडी काळी शाई मिसळून रेषा छापा, असं माझं स्पष्ट मत आहे.

ठळक रेषेला एक व्यावहारिक कारणही आहे. दोन सपाट रंग जिथे भेटतात तिथे रेषा झाकण घालते. रंगाची कड रेषेच्या मध्यापर्यंत नेली आणि रेषा एक मिमीची असली, तर कागद अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी पांढरी फट दिसत नाही. रेषा जितकी बारीक, तितकी चूक उघडी.

आता पट्टे. अठरा सेंमी उंचीत वरून आभाळ ४, डोंगर ३, मंदिर आणि घाट मिळून ४, आणि पाणी ७ सेंमी अशी वाटणी करून पाहा. फोटोत पाणी याहून कमी असेल तर खालून वाढवा. उकियो-ए मध्ये खोली बरीचशी अशा एकावर एक रचलेल्या आडव्या पट्ट्यांतूनच येते, त्यामुळे फोटोतलं अंतराचं गणित पाळलं नाही तरी चालतं. शिखर मात्र घाटाच्या पट्ट्यातून वर डोंगरात घुसतं. तेवढी जागा डोंगराच्या ठोकळ्यात कोरून मोकळी ठेवायची आठवण ठेवा, नाहीतर शिखराचा पिवळट रंग हिरवा होऊन बसेल.

पाण्यावर जास्त वेळ द्या, कारण चित्र तिथेच जमतं किंवा बिघडतं. जपानी चित्रपरंपरेत पाण्याच्या नक्षीचे वेगवेगळे प्रकार आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. एकावर एक चढलेल्या अर्धवर्तुळांची, माशाच्या खवल्यांसारखी दिसणारी नक्षी म्हणजे ‘सेइगाइहा’. ती समुद्राची आहे. तिला दिशा नसते, म्हणून ती नदीवर टाकली की नदी थांबते. होकुसाईच्या लाटेची नख्यांसारखी फेसाळ टोकंही समुद्राचीच. नदीला लागते ती वाहत्या रेषांची नक्षी: लांब, जवळजवळ समांतर जाणाऱ्या, मध्येच उघडणाऱ्या आणि पुन्हा मिटणाऱ्या रेषा, आणि अडथळ्यामागे एखादं भोवऱ्याचं वळण.

तुमच्या फोटोत अडथळा आयताच आहे. ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागची भिंत पुराचं पाणी कापलं जावं म्हणून माशाच्या आकाराची बांधलेली आहे. ती भिंत फोटोत जिथे येते तिथून रेषांची सुरुवात करा. भिंतीच्या टोकाशी रेषा दाट होतात, दोन्ही अंगांनी फाकतात आणि मंदिर मागे पडलं की सावकाश परत जवळ येतात. घाटाच्या कोपऱ्यामागे एक किंवा दोन भोवरे, त्याहून जास्त नकोत. मधल्या प्रवाहात रेषा विरळ आणि लांब ठेवा. फोटोतल्या प्रत्येक चमकेला रेषा द्यायची नाही. सात सेंमी पाण्यात पंचवीस-तीस रेषा पुष्कळ झाल्या.

या रेषा म्हणजे पेनाने ओढलेल्या तारा नव्हेत. प्रत्येक रेषा ही दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगलेली पट्टी आहे. दूरच्या पाण्यात ती एक मिमी रुंद असेल, खालच्या कडेजवळ पाच-सहा मिमी. वरच्या भागात फिक्या निळ्यावर गडद पट्ट्या दिसतील. खाली येताना पट्ट्या रुंद होत जातात, फटी अरुंद होतात, आणि शेवटच्या दोन सेंमीत उलट होतं: गडद निळ्यात फिक्या रेषा उरतात. एवढ्याने पाणी जवळ येतं आणि खोल वाटतं, वेगळी सावली घालावी लागत नाही. फेस फक्त भिंतीच्या टोकाशी दाखवा. तिथे दोन्ही निळ्या ठोकळ्यांतून तेवढी जागा कोरून काढा, म्हणजे कागदाचा पांढरा रंग उरेल.

या रचनेला पाच पृष्ठं लागतात: रेषेचं एक, मंदिर-घाटाच्या मातकट पिवळ्याचं एक, डोंगराच्या हिरव्याचं एक, फिक्या निळ्याचं एक आणि पाण्याच्या गडद पट्ट्यांचं एक. फिक्या निळ्यात आभाळ आणि पाणी एकाच पृष्ठावर बसतात, कारण मध्ये सात सेंमी अंतर आहे आणि एकाचा ब्रश दुसऱ्याला लागत नाही. फळ्या दोन्ही बाजूंनी कोरल्या की तीन पुरतात. माप ३३ × २५ सेंमी घ्या.

जपानात रेषेसाठी डोंगरी चेरीचं लाकूड वापरत आले आहेत. फळी झाडाच्या लांबीच्या दिशेने कापलेली असते, बुंध्याचा आडवा काप नव्हे. आजचे बरेच कलाकार शिना या झाडाच्या प्लायवर काम करतात. ते मऊ, एकसारखं आहे आणि सुरुवातीला तेच बरं. ते नाही मिळालं तर बर्चचं चांगलं प्लाय घ्या. एमडीएफ घेऊ नका. लिनोला लागणाऱ्या तेलाच्या शाईत ते टिकतं, पण इथे ठोकळा दिवसभर ओला राहणार आहे, त्यात एमडीएफ फुगून रेषा सुजतात. साग टाळा, त्याच्या उघड्या रंध्रांमुळे सपाट रंगात रेघा येतात.

आता रेषेचा ठोकळा. अंतिम रेखाटन पातळ, पारदर्शक कागदावर शाईने उतरवा आणि त्यावर कागद जुळवण्याच्या दोन खुणाही काढा. या खुणांना ‘केंतो’ म्हणतात. छापताना तुमच्या बाजूला येणाऱ्या कडेवर, उजव्या कोपऱ्यात एक काटकोनी खूण आणि त्याच कडेला डावीकडे एक सरळ खूण. कागदाचा कोपरा पहिलीत बसतो आणि कड दुसरीला टेकते. फळीला खळ लावून हे रेखाटन पालथं चिकटवा, त्यामुळे चित्र आपोआप उलटं होतं. सुकल्यावर ओल्या बोटाने मागून हळूहळू चोळून कागदाचे वरचे पदर काढले की रेषा स्वच्छ दिसतात.

लिनोमध्ये यू किंवा व्ही आकाराच्या हत्याराने थेट रेषेच्या कडेने जायची सवय असते. लाकडात तसं केलं तर रेषेवर आडव्या जाणाऱ्या तंतूंचे तुकडे उपटून निघतात. आधी सुरीने काप द्या. पातं रेषेच्या बाहेर कलतं धरा, म्हणजे रेषेचा पाया माथ्यापेक्षा रुंद राहील, डोंगराच्या उतारासारखा. मग दोन मिमी अंतरावरून उलट्या कलाने दुसरा काप द्या, मधली चीप सुटून येते. सगळ्या रेषांचे काप पूर्ण झाल्यावरच गोल पटाशीने मोकळ्या जागा काढा. रेषेलगत दोन-तीन मिमी खोली पुरते, पण आभाळासारख्या मोठ्या मोकळ्या जागेत पाच-सहा मिमी जावं लागतं, कारण ओला कागद तिथे झोळीसारखा खाली येतो आणि तळाला लागून डाग घेतो. केंतोच्या खाचा सर्वांत शेवटी, अतिशय धारदार पटाशीने. उभी कड अगदी रेषेवर आणि खोली एक मिमीच्या आत.

रंगांचे ठोकळे करताना मूळ रेखाटन परत ट्रेस करायचं नाही. जुळणीतल्या बऱ्याच चुका इथेच जन्माला येतात. रेषेच्या ठोकळ्यावरूनच पातळ कागदावर चार प्रती छापा, केंतोच्या खुणांसकट. प्रत्येक प्रतीवर एका रंगाची जागा लाल पेन्सिलीने भरा, रेषेच्या मध्यापर्यंत, आणि ती प्रत पहिल्या रेखाटनासारखीच पालथी चिकटवून कोरा. कोरताना तुमचा हात कुठे अर्धा मिमी हलला असेल, तर तो बदल या प्रतींवर आपोआप आलेला असतो आणि सगळे ठोकळे त्याच चुकीशी जुळतात. डोंगर आणि आभाळ यांच्यामध्ये रेषा नाही, म्हणून तिथे दोन्ही रंग एक मिमी एकमेकांवर चढू द्या.

छपाईला तेलाची शाई नाही आणि रोलरही नाही, त्यामुळे लिनोची सवय इथे मोडावी लागेल. रंग ट्यूबमधले गॉश किंवा जलरंग चालतात. निळ्याला प्रशियन ब्लूच घ्या. हा रंग युरोपातून जपानात आला आणि सन १८३० च्या आसपास होकुसाई, हिरोशिगे यांच्या चित्रांत पसरला. बर्लिनवरून त्याला तिथे ‘बेरो-आइ’ म्हणत. पातळ केला तरी तो मळकट होत नाही, म्हणून एकाच रंगातून फिका आणि गडद दोन्ही निळे मिळतात. रंग पातळ ताकाइतका करा. सोबत तांदळाच्या पिठाची खळ हवी: एक चमचा पिठाला आठ-दहा चमचे पाणी, मंद आचेवर अर्धपारदर्शक होईपर्यंत ढवळून, गार करून. उरलेली दुसऱ्या दिवशी आंबते, रोज ताजी करा.

कागद लांब तंतूंचा हवा. जपानी कोझो कागद उत्तम, आणि तो डोसा दिलेला, म्हणजे सरस-तुरटीचा हात दिलेला असावा. डोसा नसेल तर रंग टीपकागदासारखा पसरतो. बारा चांगल्या प्रती हव्या असतील तर वीस कागद ओलवा. एक आड एक कागदावर रुंद ब्रशने पाणी फिरवा, थप्पी रचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर वजन ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कागद गालाला लावला तर गार लागला पाहिजे, पण त्यावर पाण्याची चकाकी दिसता कामा नये. आपल्याकडच्या पावसाळी हवेत अशी थप्पी दोन-तीन दिवसांवर ठेवली तर बुरशी धरते, म्हणून काम त्याआधी संपवा.

ठोकळा ओल्या फडक्याने पुसून घ्या. त्यावर रंगाचे काही ठिपके आणि मुगाच्या दाण्याएवढी खळ ठेवा. मऊ केसांच्या ब्रशने (घोड्याच्या केसांचा बुटांचा नवा ब्रशही चालतो) आधी गोल फिरवून दोन्ही मिसळा, मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलके हात मारून ब्रशचे माग घालवा. कागद केंतोत बसवा, खाली सोडा आणि बारेनने घासा. बांबूच्या पातीत गुंडाळलेली ही चपटी गोल गादी नागमोडी फिरवायची, मनगटाने नव्हे तर खांद्याचं वजन टाकून. पहिले तीन-चार कागद वाया जाणार हे धरून चाला, कोरडं लाकूड आधी स्वतः रंग पितं.

क्रम असा: आधी रेषा, मग पिवळा, हिरवा, फिका निळा, शेवटी गडद निळा. त्यानंतर दोन छटा. आभाळाच्या माथ्यावर आणि पाण्याच्या खालच्या कडेला गडदाकडून फिक्याकडे विरत जाणारी पट्टी, जिला ‘बोकाशी’ म्हणतात. सन १८५७ मधलं हिरोशिगेचं सुमिदा नदीवरच्या पुलावरील सरीचं चित्र आठवा, त्यात माथ्यावरच्या काळ्या ढगाची कड अशीच विरते. त्यासाठी वेगळा ठोकळा लागत नाही. आभाळाची छटा फिक्या निळ्याच्या ठोकळ्यावर आणि पाण्याची गडद निळ्याच्या ठोकळ्यावर द्या. पट्टी जिथे संपवायची त्याच्या पुढे तीन-चार सेंमीपर्यंत ठोकळा पाण्याने ओला करा, ब्रशच्या फक्त एका कोपऱ्याला रंग लावा आणि सरळ आडव्या हाताने कडेपासून कडेपर्यंत फिरवा. पट्टीच्या शेवटी कडक रेघ उमटली तर ओला केलेला भाग अपुरा होता.

बिघाड ओळखायला कागदाकडे नीट बघा. सपाट रंगात तिळासारखे पांढरे ठिपके आले तर खळ कमी पडली, दाब कमी पडला किंवा कागद सुकला. जपानी छापणारे याला ‘गोमा’, म्हणजे तीळच म्हणतात आणि कधी मुद्दाम आणतात. पाण्याच्या गडद पट्ट्यांत मात्र ते नकोत, आभाळात थोडे असले तर मला आवडतात. पट्ट्यांच्या कडेला रंगाची जाड किनार साचली तर रंग जास्त झाला आहे. खळ वाढवू नका, रंग निम्मा करा. कागद उचलताना तंतू ओढले गेले तर खळ जास्त आहे किंवा डोसा कमी.

रंग सरकला तर लगेच केंतो तासायला घेऊ नका. पाच प्रती शेजारी मांडा. सगळ्यांत रंग एकाच दिशेला तेवढाच सरकला असेल तर दोष त्या ठोकळ्याच्या केंतोत आहे. खाचेची कड किंचित तासा किंवा उलट बाजूला हवा असेल तर कागदाची बारीक चिंधी चिकटवा. प्रत्येक प्रतीत वेगळ्या दिशेला असेल तर दोष कागद ठेवण्याच्या हातात आहे. आणि केंतोजवळ सगळं जुळतं, पण समोरच्या कडेकडे फरक वाढत जातो असं असेल, तर दोन छपायांच्या मध्ये कागद सुकून आकसला आहे. अशा वेळी ठोकळ्याला हात लावू नका. सगळे कागद परत थप्पीत घालून तास-दोन तास ओल समान होऊ द्या आणि मग पुढचा रंग घ्या. सगळे कागद तंतूंची दिशा एकच राहील असे कापले असतील तर हा त्रास बराच कमी होतो, कारण कागद दोन दिशांना सारखा फुगत नाही.

छापून झालेल्या प्रती टीपकागदांच्या मध्ये, वर फळी ठेवून सुकवा आणि टीपकागद पहिल्या दिवशी दोनदा बदला. दोरीवर टांगल्या तर समासाला लाटा येतात. ठोकळे साध्या पाण्याने धुऊन सावलीत उभे ठेवा. उन्हात ठेवले तर फळी वाकते, आणि पुढच्या खेपेला केंतो कितीही अचूक असला तरी रंग जुळणार नाही.